अ‍ॅड्रिनलवरची गाठ आणि ३.१ कॉर्टिसॉल: काढायची की नाही?

प्रश्न: "आईचं वय ६१, आम्ही डोंबिवलीला राहतो. मूतखड्याच्या शंकेने पोटाचा सीटी काढला. खडा नव्हताच, पण डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर २.४ सेंटिमीटरची गाठ दिसली. डेक्सामेथासोन टेस्टमध्ये कॉर्टिसॉल ३.१ आला. तिला बीपीच्या दोन गोळ्या आहेत, चार वर्षांपासून शुगर आहे, गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं. सर्जन म्हणतात काढून टाका. फॅमिली डॉक्टर म्हणतात कॅन्सर नाही ना, मग विसरून जा. कोणाचं ऐकायचं?"

उत्तर:

सध्या दोघांचंही नको. सर्जन एका आकड्यावर निर्णय घेतायत आणि फॅमिली डॉक्टर तो आकडा बघतच नाहीयेत. मी मुंबईत एंडोक्रायनॉलॉजीची प्रॅक्टिस करतो आणि अशा गाठी घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण हीच असते. कॅन्सर नाही एवढं ठरलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण गाठ हॉर्मोन बनवते आहे का, हा वेगळा प्रश्न तसाच राहतो.

कॅन्सरचं आधी उरकून टाकू. मूतखड्यासाठीचा सीटी बहुतेक वेळा डाय न देता, म्हणजे प्लेन काढतात, आणि तुमच्या बाबतीत ते पथ्यावर पडलंय. प्लेन सीटीवर गाठीची घनता मोजता येते. रिपोर्टमध्ये 'एचयू'च्या पुढे एक आकडा असेल. गाठ एकसारखी दिसत असेल आणि आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती चरबीने भरलेली साधी अ‍ॅडिनोमा आहे असं धरून चालता येतं. त्यासाठी पुन्हा पुन्हा सीटी काढण्याचीही गरज नसते. आकडा १० च्या वर असेल किंवा लिहिलेलाच नसेल, तर रेडिओलॉजिस्टकडून तो मोजून घ्या, कारण मग फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनालिनसारखी हॉर्मोन्स बनवणारी गाठ, नाही ना हे बघायला मेटानेफ्रिन्सची तपासणी लागते आणि सगळी वाटच बदलते. पुढचं सगळं मी गाठ साधी आहे असं धरून लिहितोय.

आता ३.१ चं बघू. कॉर्टिसॉल हे अ‍ॅड्रिनलमधून निघणारं हॉर्मोन. ते सकाळी आठच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री जवळजवळ तळाला जातं. रात्री अकराला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच कृत्रिम स्टेरॉइड, दिलं की मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी गप्प बसते, अ‍ॅड्रिनलला हुकूम जात नाही, आणि सकाळी कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या आत यायला हवं. ते तसं आलं नाही, तर गाठ हुकमाशिवाय काम करते आहे असा संशय येतो. कुशिंगची, म्हणजे कॉर्टिसॉल फार वाढल्याच्या आजाराची, ठळक लक्षणं, जसे जांभळे चट्टे, सहज पडणारे काळेनिळे डाग, मांड्यांतली ताकद जाणं, यातलं काही नसताना हा आकडा १.८ च्या वर असेल, तर त्याला माइल्ड ऑटोनॉमस कॉर्टिसॉल सिक्रीशन म्हणतात. आमच्या बोलण्यात 'मॅक्स'. २०२३ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनी ही एकच रेघ ठेवली. त्याआधी १.९ ते ५ म्हणजे 'शक्य' आणि ५ च्या वर 'नक्की' अशी फोड होती. तुमच्या हाती एखादा जुना लेख पडला आणि त्यात ३.१ ला 'शक्य' म्हटलेलं दिसलं, तर गोंधळू नका.

पण एका टेस्टवर हे लेबल लावायचं नसतं, आणि मुंबईत तर नाहीच. इथे खोटा आकडा येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. पहिली अगदी साधी. आपल्याकडे डेक्सामेथासोनची ०.५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. चिठ्ठीवर १ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पेशंट एकच गोळी घेतो आणि झोपतो. आईंनी दोन गोळ्या घेतल्या होत्या का आणि किती वाजता, हे विचारा. दुसरी वाट इतर औषधांची. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या आणि टीबीची रिफाम्पिसिन डेक्सामेथासोनला वेळेआधीच संपवून टाकतात, मग पिट्यूटरी नीट दबतच नाही. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्तातलं कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि आकडा फुगतो. किडनी कमजोर असेल, शुगर फार बिघडलेली असेल, डिप्रेशन असेल किंवा रात्रपाळी चालू असेल, तरी आकडा थोडा वर राहू शकतो.

तिसरी वाट सहसा कोणी विचारत नाही, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो: केस आणि नखांसाठीची बायोटिनची गोळी. काही लॅबच्या यंत्रांत बायोटिनमुळे कॉर्टिसॉल खोटं जास्त दिसतं आणि एसीटीएच, म्हणजे पिट्यूटरीचा अ‍ॅड्रिनलला जाणारा हुकूम, खोटं कमी. म्हणजे मॅक्सचं जे चित्र आम्ही शोधतो, नेमकं तेच चित्र निव्वळ केसांच्या गोळीने उभं राहू शकतं. आई अशी काही गोळी घेत असतील, तर पुन्हा टेस्ट करण्याआधी निदान तीन दिवस बंद ठेवा.

दुसऱ्यांदा टेस्ट करून आकडा पुन्हा १.८ च्या वर आला, तर मग एसीटीएच. गाठ आपल्या मनाने कॉर्टिसॉल बनवत असेल, तर पिट्यूटरी मागे सरते आणि सकाळचं एसीटीएच १० पिकोग्रॅमच्या खाली किंवा आसपास सापडतं. इथे एक व्यावहारिक अडचण आहे. एसीटीएच फार नाजूक असतं. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊन लगेच बर्फात ठेवावं लागतं आणि लवकर सेंट्रिफ्यूज करावं लागतं. घरी येऊन सँपल नेणारा मुलगा मे महिन्याच्या उन्हात डोंबिवलीतली पाच घरं करून मग सेंटरला पोचला, तर वाटेत एसीटीएच विरघळून जातं आणि रिपोर्टवर छान 'कमी' दिसतं. म्हणून मी माझ्या पेशंटना सांगतो, डेक्सामेथासोनचं सँपल घरी द्या हवं तर, पण एसीटीएचसाठी सकाळी आठला जिथे यंत्र आहे त्या लॅबमध्ये स्वतः जा. बरोबर डीएचईएएस, म्हणजे एसीटीएचच्या हुकमावर अ‍ॅड्रिनल बनवते ते दुसरं हॉर्मोन, करून घेतलं तर चांगलंच. तेही खाली असेल, तर एसीटीएच खरंच बराच काळ दबलेलं आहे याला दुजोरा मिळतो.

आणखी एक गोष्ट विचारून ठेवा: गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं इंजेक्शन, दम्याचा पंप, खाजेवरचं मलम, सांधेदुखीवरची बिननावाची पुडी. बाहेरच्या स्टेरॉइडनेही एसीटीएच आणि डीएचईएएस खाली जातात. त्यात सहसा कॉर्टिसॉलही तळाला असतं, म्हणून मॅक्सपासून ते वेगळं काढता येतं, पण प्रेडनिसोलोन काही टेस्टमध्ये कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं आणि तिथे फसगत होते.

समजा, हे सगळं पार पडलं आणि मॅक्स पक्कं ठरलं. तरी मग काय? अशी गाठ पूर्ण कुशिंगमध्ये बदलणं फार दुर्मीळ आहे, त्यामुळे 'पुढे वाढेल' या भीतीने काढायची नसते. प्रश्न इतकाच असतो की आत्ता, या माणसात, हे जास्तीचं कॉर्टिसॉल काही बिघडवतंय का.

ते बिघडवू शकतं, याबद्दल आता फारसा वाद नाही. २०२२ साली साध्या अ‍ॅड्रिनल गाठी असलेल्या १,३०५ जणांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. त्यातल्या सुमारे ४५ टक्क्यांत मॅक्स निघालं आणि त्यांत बायका जास्त होत्या. ज्यांचं कॉर्टिसॉल जास्त, त्यांना बीपी आणि मधुमेह जास्त. नुसता आजार जास्त एवढंच नाही, तर कॉर्टिसॉल ५ च्या वर असलेल्या गटाला तीन किंवा अधिक बीपीच्या गोळ्या आणि इन्सुलिन लागण्याचं प्रमाणही जास्त होतं. कारण समजायला अवघड नाही. रात्री रक्तवाहिन्यांना, लिव्हरला, हाडांना कॉर्टिसॉलपासून जी विश्रांती मिळायची ती मिळत नाही. लिव्हर रात्रभर साखर तयार करत राहतं, स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, आणि रात्री जे बीपी उतरायला हवं ते उतरत नाही. दिवसभरात जास्तीचं कॉर्टिसॉल फार नसतं. म्हणूनच २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल बऱ्याचदा नॉर्मल येतं आणि पेशंटला 'काही नाही' म्हणून परत पाठवलं जातं.

पण इथेच सावध राहायला हवं. साठीच्या मुंबईकराला बीपी आणि शुगर असणं म्हणजे काही आक्रीत नाही. गाठ नसलेल्या शेजारणीलाही तेच असतं. त्यामुळे 'बीपी आहे आणि गाठ आहे, म्हणजे बीपी गाठीमुळे' असं सरळ लावता येत नाही. मी तीन गोष्टी बघतो. आजार वयाच्या मानाने लवकर आला का? गोळ्या वाढवूनही ऐकत नाही का? घरात कोणालाच शुगर नसताना आणि वजन बेताचं असताना ती कुठून आली? या प्रश्नांची उत्तरं 'हो' कडे झुकली की गाठीवरचा संशय वाढतो. गोळ्या नियमित घेतल्या जातात का आणि लोणचं-पापड किती, हे त्याआधी बघायचं असतं हे सांगायला नको. बीपी असलेल्या प्रत्येकाचं अल्डोस्टेरॉन आणि रेनिनही एकदा मोजावं लागतं, कारण तीच गाठ बीपी वाढवणारं अल्डोस्टेरॉनही बनवत असू शकते.

हाडांचं चित्र मात्र बीपी-शुगरपेक्षा जास्त बोलकं असतं आणि तिकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. कॉर्टिसॉल हाड बांधणाऱ्या पेशींना दाबतं, आणि आधी मार बसतो तो हाडाच्या आतल्या जाळीदार भागाला. मणके मुख्यतः जाळीदारच असतात. म्हणून मॅक्समध्ये मणके दबतात, बऱ्याचदा न दुखता. डेक्सा स्कॅन हाडातलं खनिज मोजतो, जाळीची वीण मोजत नाही, त्यामुळे टी-स्कोर जेमतेम कमी आणि मणका मात्र दबलेला, असं सर्रास दिसतं. आईंचं मनगट मोडलं याची नोंद घ्यायचीच, पण घसरून हातावर पडल्यावर या वयात मनगट मोडणं मॅक्सशिवायही घडतं. मणक्यांकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि ते बघायला नवीन काही काढावं लागत नाही. ज्या सीटीत गाठ दिसली त्याच सीटीत पाठीचा खालचा भाग आहे. पोटाचा सीटी वाचताना रेडिओलॉजिस्टचं लक्ष किडनी-लिव्हरवर असतं. बाजूने बघायचे काप मुद्दाम काढून मणक्यांची उंची मोजा असं कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून रिपोर्टमध्ये ते येत नाही. फिल्मवर हे जमत नाही, सीडी लागते. युरोपियन सूचनाही हेच सांगतात: मॅक्स असलेल्यांत न कळलेले मणक्याचे फ्रॅक्चर शोधा, आणि हाताशी असलेला सीटी त्यासाठी पुन्हा वाचा.

एक उदाहरण देतो, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. ५६ वर्षांच्या बाई, गिरगावात खाणावळ चालवायच्या. उजव्या बाजूला २.८ सेंटिमीटरची गाठ, एचयू ४. पहिल्या टेस्टला कॉर्टिसॉल ४.२, दुसऱ्यांदा ३.९. एसीटीएच ६, डीएचईएएस खाली. अल्डोस्टेरॉन-रेनिन ठीक. तीन गोळ्यांवर बीपी १५०/९०, एचबीए१सी ८.४, आणि घरात कोणालाच शुगर नाही. कंबर दुखायची, पण "दिवसभर पातेली उचलते, दुखणारच" म्हणून त्यांनी ते कधी सांगितलंच नव्हतं. डेक्साचा टी-स्कोर उणे १.६, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसही नाही. सीडी उघडून बाजूचे काप बघितले तर बाराव्या पाठीच्या मणक्याची मागची उंची २४ मिलिमीटर आणि पुढची १७. म्हणजे पुढून जवळजवळ २९ टक्के दबलेला. २० टक्क्यांच्या वर गेलं की फ्रॅक्चर म्हणतात, २५ च्या वर मध्यम दर्जाचं. हे दिसल्यावर माझ्यापुरता निर्णय सोपा झाला. तीन ठिकाणी एकाच कारणाने नुकसान होतंय, वय कमी आहे, गाठ एकाच बाजूला आहे, भूल सोसेल अशी तब्येत आहे.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. इथे जी गोष्ट चुकते ती ऑपरेशन टेबलावर नाही, नंतर चुकते. एका बाजूची गाठ वर्षानुवर्षं कॉर्टिसॉल पुरवत असते, तेव्हा दुसऱ्या बाजूची ग्रंथी झोपलेली असते. गाठ काढली की शरीराला कॉर्टिसॉल देणारं कोणीच उरत नाही. मॅक्सच्या साधारण निम्म्या पेशंटना असं होतं, आणि कोणाला होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या वेळी सगळ्यांनाच हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, देतात आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळचं कॉर्टिसॉल बघून ते चालू ठेवायचं की नाही हे ठरवतात. या बाईंचं खूप खाली आलं. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आठ महिने लागल्या, हळूहळू कमी करत. पहिले दोन महिने अंग मोडून यायचं, भूक नव्हती. "ऑपरेशनच्या आधी बरी होते की मी," असं त्या दर भेटीत म्हणायच्या. शरीराला जास्तीच्या कॉर्टिसॉलची सवय लागलेली असते, ती सुटताना असं होतं. हे आधी सांगितलेलं नसेल, तर घरचे घाबरतात किंवा पेशंट गोळ्या स्वतःच बंद करतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात उलट्या-जुलाब झाले तर गोळी दुप्पट करायची आणि पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी थेट हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांच्या सुनेलाही शिकवून ठेवलं होतं.

वर्षभराने बीपीची एकच गोळी उरली, एचबीए१सी ७.२. शुगर गेली नाही. हेच साधारण अपेक्षित असतं. इटली आणि फ्रान्समध्ये पेशंटना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून केलेले जे अभ्यास आहेत, ते लहान आहेत, पण त्यांतून सर्वांत खात्रीने दिसतो तो बीपीवरचा फायदा. शुगरमध्ये सुधारणा काहींना होते, सगळ्यांना नाही. मणक्यांबद्दलचे पुरावे मुख्यतः निरीक्षणांतून आलेले आहेत. दबलेला मणका परत उंच होत नाही. त्यासाठी बाईंना वर्षातून एकदा हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वेगळं द्यावंच लागलं, आधी व्हिटॅमिन डी भरून काढून.

याच्या उलट, पंच्याहत्तरीच्या आसपासचे एखादे आजोबा, कॉर्टिसॉल २.२, बीपी एका गोळीवर नीट, शुगर नाही, मणके सरळ, आणि हृदयात दोन स्टेंट. मी त्यांना ऑपरेशन सुचवत नाही. वर्षातून एकदा बीपी, शुगर आणि पाठीचं बघतो. काही बिघडायला लागलं तरच पुन्हा हॉर्मोनकडे वळतो.

तुमच्या आई या दोघांच्या मधे कुठेतरी आहेत आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला त्यांची नेमकी जागा सांगता येणार नाही. बीपी दोन गोळ्यांवर किती राहतं, एचबीए१सी किती आणि कशावर, तुमच्या घराण्यात शुगर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निम्मा निर्णय त्यावर आहे. दुसऱ्यांदा आकडा २ च्या आत आला, एसीटीएच २० आलं, मणके ठीक असले, तर मी हात लावणार नाही, हाडांचे उपचार मात्र मनगटाच्या फ्रॅक्चरमुळे तरीही बघेन. आकडा पुन्हा ३ च्या वर, एसीटीएच दबलेलं आणि एखादा मणका दबलेला निघाला, तर सर्जन म्हणतात ते बरोबर ठरेल. फक्त ते वर्षाला अशा बऱ्याच अ‍ॅड्रिनल करणारे असावेत आणि त्यांच्याबरोबर पुढचं हायड्रोकॉर्टिसोन सांभाळणारा एंडोक्रायनॉलॉजिस्ट असावा. परळचं केईएम किंवा तसं मोठं हॉस्पिटल, जिथे हे दोन विभाग एकाच छताखाली आहेत, तिथे हे सोपं जातं.

घाई अजिबात नाही. दोन महिने गेले म्हणून काही हातचं जात नाही. या आठवड्यात एवढंच करा: सीटी सेंटरमधून सीडी मिळवा, कारण काही ठिकाणी जुने स्कॅन ठरावीक मुदतीनंतर पुसून टाकतात. आईंच्या सगळ्या गोळ्या, केसांच्या आणि सांधेदुखीच्याही, एका पिशवीत भरा. रेडिओलॉजिस्टना प्लेन सीटीवरचं एचयू आणि बाजूच्या कापांवरून मणक्यांची उंची, या दोन गोष्टी लेखी मागा. मनगट मोडलं तेव्हा व्हिटॅमिन डी किंवा डेक्सा झालं असेल तर ते कागदही शोधून ठेवा, बहुतेक प्लास्टर काढल्यावर ते कोणी परत उघडलेले नसतात.